कुराणातील शपथा आणि दृष्टान्त: भाष्यकारांनी त्यांचे प्रयोजन कसे उलगडले

कुराण प्रथमच वाचणारा वाचक शेवटच्या भागातील छोट्या सूरांपाशी, म्हणजे अध्यायांपाशी, पोहोचला की हमखास थबकतो. ‘सूर्याची आणि त्याच्या प्रभेची शपथ’, ‘अंजीर आणि ऑलिव्ह यांची शपथ’, ‘काळाची शपथ’ अशी सुरुवात होते आणि मग दोन-चार वाक्यांनंतर मुख्य विधान येते, ज्याचा त्या सूर्याशी किंवा अंजिराशी काय संबंध आहे हे चटकन ध्यानात येत नाही. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात कैरोमध्ये कुराणविद्येचा कोश रचणारे जलालुद्दीन सुयूती यांनी शपथेने सुरू होणाऱ्या सूरांची संख्या पंधरा मोजली आहे. सूरांच्या मध्ये येणाऱ्या शपथा निराळ्याच. त्याच कोशात त्यांनी कुराणातील दृष्टान्तांवर एक प्रकरण आणि लगेच पुढे शपथांवर दुसरे प्रकरण लिहिले. हे दोन विषय शेजारी बसण्याइतके जवळचे का आहेत, हे भाष्यकारांचा वाद शेवटपर्यंत पाहिला की कळते. आधी शपथ पाहू, कारण अडचण तिथे अधिक मोठी होती.

पहिला आक्षेप असा होता की ईश्वराला शपथ घेण्याची गरजच काय? जो श्रद्धावान आहे तो नुसत्या शब्दावर विश्वास ठेवतो आणि ज्याला मानायचेच नाही तो शपथेनेही मानत नाही. म्हणजे दोन्ही बाजूंनी शपथ वायाच जाते. या प्रश्नातली अस्वस्थता एका जुन्या गोष्टीत नेमकी उतरली आहे, आणि ती सुयूतींनीही नोंदवली आहे. वाळवंटातील एका बदूने एकावन्नाव्या सूरेतील वचन ऐकले: तुमची उपजीविका आणि तुम्हाला दिलेले वचन आकाशात आहे, आणि आकाश व पृथ्वी यांच्या प्रभूची शपथ, हे सत्य आहे. ते ऐकताच तो ओरडला की त्या महान प्रभूला इतके कोणी संतापवले, की त्याला शपथ घेण्याची पाळी यावी! त्या माणसाने शपथ अगदी बरोबर ऐकली होती. त्याच्या समाजात ऐकणारा मानत नाही असे दिसले, म्हणजेच माणूस शपथेपर्यंत जात असे.

या आक्षेपाला मिळालेले पहिले उत्तर भाषेच्या रीतीचे होते. कुराण अरबांच्या भाषेत आले, आणि एखादी गोष्ट ठामपणे सांगायची असली की शपथ घ्यायची, ही अरबांची पद्धत होती. तेव्हा ग्रंथानेही तीच पद्धत वापरली. हे उत्तर खोटे नाही, पण ते फार पुढे नेत नाही. अकराव्या शतकातील सूफी विद्वान अबुल कासिम कुशैरी यांनी त्याला न्यायालयाची चौकट दिली. त्यांचे म्हणणे असे की कोणताही तंटा दोनच मार्गांनी सुटतो, साक्षीने किंवा शपथेने. म्हणून ईश्वराने आपल्या ग्रंथात दोन्ही प्रकार ठेवले, जेणेकरून नाकारणाऱ्याला सबब उरू नये. तिसऱ्या सूरेत ईश्वर स्वतःच्या एकत्वाची साक्ष देतो, आणि दहाव्या सूरेत लोक ‘हे खरे आहे का?’ असे विचारतात तेव्हा पैगंबरांना उत्तर द्यायला सांगितले जाते की होय, माझ्या प्रभूची शपथ, हे खरेच आहे. कुशैरींच्या मांडणीत साक्ष आणि शपथ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढचे भाष्यकार हीच भिंत हळूहळू काढून टाकणार होते.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार होता. ज्याला शपथ घ्यायची असेल त्याने ईश्वराची घ्यावी, नाहीतर गप्प बसावे, असा पैगंबरांचा स्पष्ट आदेश हदीसमध्ये, म्हणजे त्यांच्या वचनांच्या परंपरागत नोंदींत, आहे. मग कुराणात घोडे, वारे, तारे, रात्र आणि फळे यांच्या शपथा कशा? सुयूतींच्या मोजणीनुसार ईश्वराने स्वतःची शपथ घेतलेली स्थळे सातच आहेत. बाकी सर्वत्र शपथ निर्मितीची आहे. काहींनी व्याकरणाचा आधार घेऊन म्हटले की इथे ‘प्रभू’ हा शब्द अध्याहृत आहे, म्हणजे ‘सूर्याची शपथ’ याचा अर्थ ‘सूर्याच्या प्रभूची शपथ’. काहींनी म्हटले की कृतीची शपथ घेणे म्हणजे कर्त्याचीच शपथ घेणे होय. अगदी सुरुवातीच्या पिढ्यांतील विद्वान हसन बसरी यांच्या नावावर असलेले उत्तर सर्वांत सरळ आहे: ईश्वर आपल्या निर्मितीतील हव्या त्या वस्तूची शपथ घेऊ शकतो, माणसाने मात्र ईश्वराखेरीज कोणाची घेऊ नये.

ही सगळी उत्तरे एक गृहीत धरून चालतात, की शपथ नेहमी स्वतःहून मोठ्या, पूज्य गोष्टीचीच घेतली जाते. त्यामुळे ज्या वस्तूची शपथ आली तिची थोरवी शोधणे हे भाष्यकारांचे कामच होऊन बसले. याचा सर्वांत बोलका नमुना पंचाण्णवाव्या सूरेच्या टीकांत सापडतो. अंजिराची शपथ आली, तेव्हा अंजीर थोर असलेच पाहिजे. म्हणून बाराव्या शतकातील प्रचंड व्यासंगी भाष्यकार फख्रुद्दीन राझी हे फळ अन्न कसे आहे, मेवा कसा आहे आणि औषध कसे आहे याचे सविस्तर वर्णन देतात. ते वर्णन मोठे वाचनीय आहे. पण ते संपल्यावरही वाचकाच्या हाती प्रश्न उरतोच, की अंजीर पचनाला चांगले असण्याचा आणि त्यानंतर येणाऱ्या ‘आम्ही मानवाला उत्तम घडणीत निर्माण केले’ या विधानाचा संबंध काय?

गंमत अशी की या कोंडीतून बाहेर पडण्याची वाट राझींनीच दाखवली. एकावन्नाव्या सूरेच्या प्रारंभी वाऱ्यांच्या शपथा आहेत: धूळ उडवणारे, ओझे वाहणारे, सहज वाहत जाणारे, आणि त्यांनंतर विधान येते की तुम्हाला दिलेले वचन खरे आहे व न्यायनिवाडा होणारच आहे. इथे राझी लिहितात की ईश्वराने घेतलेल्या या शपथा म्हणजे सारे पुरावेच आहेत, फक्त ते शपथेच्या रूपात मांडले आहेत. समजावण्यासाठी ते एक उदाहरण देतात. एखादा माणूस आपल्या उपकारकर्त्याला म्हणतो, ‘तुमच्या असंख्य उपकारांची शपथ, मी सदैव तुमचा ऋणी राहीन.’ इथे उपकारांचा उल्लेख त्यांची पूजा करण्यासाठी नाही. ऋणी राहण्याचे कारणच ते उपकार आहेत. म्हणजे वाक्य दिसायला शपथेचे आहे, पण त्याच्या पोटात ‘कारण’ आणि ‘म्हणून’ दडलेले आहे. जे वारे पाण्याने जड झालेले ढग ठरल्या ठिकाणी वाहून नेतात, त्यांना चालवणाऱ्याला मेलेली माणसे पुन्हा उभी करणे अवघड का जावे, असा तो युक्तिवाद आहे.

मग पुरावा सरळ पुरावा म्हणून का दिला नाही? राझींचे यावरचे उत्तर वक्तृत्वाची उत्तम जाण असलेल्या माणसाचे आहे. बोलणारा शपथेने सुरुवात करतो तेव्हा ऐकणाऱ्याला वाटते की आता काहीतरी महत्त्वाचे येणार, आणि तो कान टवकारतो. त्याच भरात पुरावा त्याच्या मनात शिरतो. सरळ युक्तिवाद ऐकताच जो माणूस वादाच्या पवित्र्यात उभा राहिला असता, तो शपथेपुढे काही क्षण ऐकत उभा राहतो.

एवढे लक्षात घेऊन त्र्याण्णवावी सूरा वाचली तर फरक किती पडतो ते दिसते. तिची पार्श्वभूमी परंपरेत अशी सांगितली जाते की पैगंबरांकडे येणारी वही, म्हणजे ईश्वरी संदेश, काही काळ थांबली, आणि मक्केतील विरोधकांनी टोमणा मारला की मुहम्मदाच्या प्रभूने त्याला सोडून दिले. त्यावर ही सूरा आली. पहिली शपथ चढत्या सकाळची आहे, ऊन नीट वर आले आहे त्या वेळेची. दुसरी रात्रीची, ती निवांत पसरते तेव्हाची. त्यानंतर लगेच विधान आहे: तुझ्या प्रभूने तुला सोडलेले नाही आणि तो तुझ्यावर रुष्टही नाही.

थोरवी शोधणारी पद्धत इथे अडखळते. सकाळची थोरवी सांगता येईल, रात्रीचीही सांगता येईल, पण ती सांगून झाल्यावर ‘सोडलेले नाही’ या वाक्याला काय मिळाले? चौदाव्या शतकात दमास्कसमध्ये इब्न कय्यिम यांनी कुराणातील शपथांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांनी वाचकाला शपथ आणि विधान यांच्यातील जुळणी पाहायला सांगितली. रात्रीच्या अंधारानंतर येणाऱ्या सकाळच्या प्रकाशाची शपथ आहे, आणि विधान आहे ते वही थांबल्यावर पुन्हा आलेल्या वहीच्या प्रकाशाबद्दल. जो दिवसाच्या उजेडाने रात्रीचा काळोख हटवतो, त्यानेच वहीच्या उजेडाने तिच्या खंडाचा काळोख हटवला. रात्र झाली म्हणून सूर्य कायमचा गेला असे कोणी म्हणत नाही. मग काही दिवस संदेश आला नाही यावरून प्रभूने सोडले असा निष्कर्ष कसा काढता येईल? टोमणा मारणाऱ्यांच्या तर्कातली चूक त्यांनी रोज पाहिलेल्या दोन गोष्टींनीच दाखवून दिली आहे.

रात्रीचे वर्णनही मुद्दाम निवडलेले दिसते. ती भयाण किंवा घनघोर नाही, निवांत आहे. म्हणजे मधला खंड शिक्षा नसून विश्रांतीसारखा असू शकतो, हे सुचवायला वेगळे वाक्य लागत नाही. सूरेचा पुढचा भागही याच रीतीने चालतो: तू अनाथ होतास, तुला आसरा दिला, वाट शोधत होतास, वाट दाखवली, गरीब होतास, संपन्न केले. निसर्गातील साक्षीनंतर स्वतःच्या आयुष्यातील साक्ष येते, आणि मग अनाथाला दडपू नकोस, मागणाऱ्याला झिडकारू नकोस ही आज्ञा. शपथेला दागिना समजून बाजूला ठेवले तर हा सांधा सुटतो.

विसाव्या शतकात हा धागा दोन ठिकाणी स्वतंत्रपणे पुढे गेला. आजमगढ परिसरातील हमीदुद्दीन फराही (1863–1930) यांनी शपथांवर अरबीत छोटा पण फार नेटका ग्रंथ लिहिला आणि मुळातल्या गृहीतकालाच हात घातला. शपथेचा गाभा पूज्यता नसून साक्ष आहे. बोलणारा आपल्या विधानाला कोणाला तरी किंवा कशाला तरी साक्षी ठेवतो, आणि तो साक्षी पूज्य असलाच पाहिजे असे नाही, हे त्यांचे प्रतिपादन. त्यामुळे निर्मितीच्या शपथा का, हा जुना आक्षेपच विरघळतो, कारण तिथे पूजा नाही, पुरावा आहे. इजिप्तमध्ये आयेशा अब्दुर्रहमान यांनी ‘बिन्त अश्शाती’ या टोपणनावाने 1962 मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाष्यात साहित्याच्या अंगाने जवळपास असेच म्हटले. सूरेच्या आरंभीची शपथ ही डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीकडे लक्ष वेधते, आणि ती दिसणारी गोष्ट पुढे येणाऱ्या न दिसणाऱ्या अर्थाची प्रस्तावना असते. सकाळ आणि रात्र यांची थोरवी शोधण्यात टीकाकारांनी केलेली दमछाक त्यांना पटत नव्हती.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. साक्षीचा संबंध लावायचा तर साक्षी नेमका कोण हे ठरले पाहिजे, आणि अंजिराच्या सूरेत तेच ठरत नाही. आरंभीच्या काळातील भाष्यकार मुजाहिद आणि हसन बसरी यांच्या मते ही खाण्याचीच फळे. त्याच काळातील कतादा यांच्या मते अंजीर म्हणजे दमास्कसचा डोंगर आणि ऑलिव्ह म्हणजे जेरुसलेमचा. पुढच्या दोन शपथा सिनाई पर्वत आणि सुरक्षित नगर मक्का यांच्या असल्यामुळे स्थळांचा अर्थ मला अधिक जुळणारा वाटतो. मग पैगंबरांच्या भूमी माणसाच्या घडणीची आणि घसरणीची साक्ष देतात असे वाचता येते. पण हा अर्थ शब्दांतून सक्तीने निघत नाही, तो संदर्भातून काढावा लागतो. काही ठिकाणी तर शपथेनंतरचे विधानच गाळलेले आहे. एकोणऐंशीव्या सूरेत पाच शपथा येतात आणि मग एकदम ‘ज्या दिवशी हादरणारी हादरेल’ असे वर्णन सुरू होते. ‘तुम्ही निश्चित पुन्हा उठवले जाल’ हे वाक्य भाष्यकारांना मनाने भरावे लागते. जिथे वाचकाने स्वतः विधान भरायचे, तिथे जुळणीही स्वतःच्या सोयीने रचली जाण्याचा धोका असतो. शपथेतला कोणता गुण निवडायचा याचा काही पुरावा सूरेतच सापडतो की नाही, हे पाहणे ही त्यावरची तपासणी. त्र्याण्णवाव्या सूरेत ‘निवांत’ हे विशेषण आणि ‘सोडलेले नाही’ हे विधान असा पुरावा देतात. अंजिराच्या औषधी गुणांना सूरेत कुठेच आधार नाही.

आता दृष्टान्त सुयूतींच्या कोशात शपथेशेजारी का बसतात ते उमगेल. तिथेही दिसणारी वस्तू न दिसणाऱ्या अर्थासाठी उभी केली जाते, फक्त शपथेत संबंध न बोलता ठेवलेला असतो आणि दृष्टान्तात तो उघड सांगितलेला असतो. बाराव्या शतकातील वैयाकरण भाष्यकार झमख्शरी लिहितात की दृष्टान्त लपलेले अर्थ उघडे करतो, कल्पनेतले खऱ्यासारखे आणि नजरेआडचे समोर असल्यासारखे दाखवतो. माशी आणि कोळी यांचे दृष्टान्त ऐकून विरोधकांनी हेटाळणी केली होती, की इतक्या क्षुद्र प्राण्यांची उदाहरणे ईश्वराला शोभतात का. दुसऱ्या सूरेने उत्तर दिले की ईश्वर डासाचाही दृष्टान्त द्यायला संकोचत नाही. झमख्शरींनी त्यामागचा नियम सांगितला: उदाहरणाचे माप बोलणाऱ्याच्या मोठेपणावरून ठरत नाही, ज्याचे उदाहरण द्यायचे त्याच्यावरून ठरते. दुबळ्या आधाराला कोळ्याचे घरच लागते, सिंह तिथे कुचकामी.

दृष्टान्त पुराव्याचे काम कसे करतो हे दानाच्या जोडदृष्टान्तात फार सुरेख दिसते. दुसऱ्या सूरेत, लोकांना दाखवण्यासाठी दान करणारा माणूस गुळगुळीत खडकासारखा सांगितला आहे, ज्याच्यावर मातीचा पातळ थर आहे. मुसळधार पाऊस पडतो आणि खडक उघडा पडतो; त्या माणसाच्या हाती कमाईतले काहीच उरत नाही. लगेच पुढे, ईश्वराच्या प्रसन्नतेसाठी देणारा माणूस उंचवट्यावरच्या बागेसारखा आहे. तिच्यावर मुसळधार पाऊस पडला तर दुप्पट फळ येते, आणि तसा पाऊस न पडला तर हलका शिडकावाही पुरतो. दोन्ही चित्रांत पावसासाठी मूळ अरबीत तोच शब्द आहे. तोच पाऊस एकाला धुऊन नेतो आणि दुसऱ्याला दुप्पट करतो. पाऊस येईपर्यंत दोन्ही जागी वरून मातीच दिसत होती. दिखाऊ दान आणि खरे दान बाहेरून सारखे दिसते, फरक खालच्या थरात आहे, आणि जे दुसऱ्याला वाढवते तेच याला उघडे पाडते, हे सारे उपदेशाच्या एकाही वाक्याविना सांगून होते.

याच्याच पुढे तिसरे चित्र आहे: खजूर आणि द्राक्षांची बाग, मालक म्हातारा, मुले लहान आणि दुबळी, आणि अशा वेळी आगीचे वादळ येऊन बाग जळून जाते. बुखारींच्या हदीससंग्रहात नोंद आहे की खलिफा उमर यांनी सहकाऱ्यांना विचारले, ही आयत कशाबद्दल आहे असे तुम्हाला वाटते? ‘ईश्वरच जाणे’ असे उत्तर आले तेव्हा ते चिडले आणि म्हणाले की माहीत आहे म्हणा किंवा माहीत नाही म्हणा. तरुण इब्न अब्बास चाचरत म्हणाले की हा कर्माचा दृष्टान्त आहे. उमर यांनी तो पूर्ण केला: एक धनवान माणूस आज्ञापालन करत राहतो, मग सैतान त्याच्याकडे येतो आणि तो पापे करू लागतो, इतकी की त्याची आधीची सत्कर्मे त्यांत बुडून जातात. इथे बाग म्हणजे काय, आग म्हणजे काय, मुले म्हणजे कोण असे तुकडे पाडले गेले नाहीत हे लक्षात घ्यावे. सर्वांत जास्त गरज असताना हातची कमाई जाणे, हा संपूर्ण प्रसंगच अर्थ देतो.

पुढे हीच गोष्ट वादाचा विषय झाली. दुसऱ्या सूरेच्या आरंभी दुटप्पी लोकांसाठी वादळी पावसाचा दृष्टान्त आहे: अंधार, गडगडाट, वीज, कानांत बोटे घातलेली माणसे, वीज चमकली की चार पावले चालतात, अंधार झाला की थांबतात. काहींनी तुकड्यांची यादी केली: पाऊस म्हणजे धर्म, अंधार म्हणजे शंका, गडगडाट आणि वीज म्हणजे धमकी आणि आश्वासन. झमख्शरींनी ही वाट नोंदवली, पण वक्तृत्वशास्त्राच्या जाणकारांची खरी वाट निराळी असल्याचे सांगितले. इथली तुलना संयुक्त आहे. एका गोंधळलेल्या अवस्थेची तुलना दुसऱ्या गोंधळलेल्या अवस्थेशी आहे, सुट्या वस्तूंची सुट्या वस्तूंशी नाही.

त्यांच्या आधी अकराव्या शतकात अब्दुल काहिर जुरजानी यांनी या प्रकाराची कसोटी देऊन ठेवली होती. तौरात, म्हणजे मूसांना मिळालेला ग्रंथ, मिळूनही तिच्याप्रमाणे न वागणाऱ्यांना बासष्टाव्या सूरेत ग्रंथांचे ओझे वाहणाऱ्या गाढवाची उपमा आहे. जुरजानी दाखवतात की इथे गाढव एकटे काही सांगत नाही, ओझे एकटे काही सांगत नाही, ग्रंथही एकटे काही सांगत नाहीत. ओझे धान्याचे असते तर दृष्टान्त मोडला असता, आणि वाहणारा ते ग्रंथ वाचू शकत असता तरी मोडला असता. सर्वांत मौल्यवान वस्तू पाठीवर आहे, तिचा शीण पुरेपूर होतो आहे, आणि तिच्यात काय आहे याचा पत्ता नाही, एवढे सगळे एकत्र आले की मगच अर्थ उभा राहतो. म्हणून कोणत्याही दृष्टान्तातील एक तपशील काढून पाहावा: त्याने चित्र कोसळले तर तो तपशील अर्थाचा भाग आहे, आणि तपशिलाला स्वतंत्र अर्थ चिकटवल्यावरही मूळ चित्रात काही भर पडत नसेल, तर तो अर्थ टीकाकाराने बाहेरून आणलेला आहे.